कलरीमीटर कुणी दुरुस्त केला?

आमच्या सरांकडं शिफारसपत्र मागायला आलेला विद्यार्थी कधी रिकाम्या हातानं गेला नाही. बाकीचे प्राध्यापक सरळ सांगतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." सरांना या प्रकाराचा भयंकर राग. स्वतःचं कौतुक पोरानं स्वतः लिहायचं आणि आपण खाली सही ठोकायची, मग मास्तर कशाला झालो, असं ते म्हणत. "मी स्वतः लिहितो," हे वाक्य ते इतक्या अभिमानानं म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस प्रत्येक पोरासाठी रात्र जागवतो.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती फक्त मला ठाऊक होती, कारण त्यांची पत्रं मी तपासत असे. सर नवीन पत्र लिहायला बसले की कॉम्प्युटरवरचं मागचं पत्र उघडायचे आणि त्याच्यावरच नवीन लिहायचे. मागचं पत्र त्याच्या मागच्यावर लिहिलेलं, ते त्याच्या मागच्यावर. नाव बदलायचे, दोनचार वाक्यं घालायचे, दोनचार काढायचे. पण हे आपण करतो आहोत याचा त्यांना खरोखर पत्ता नसे. त्यांच्या मनात ते पत्र कोरं करकरीत, आत्ताच सुचलेलं असायचं. मी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्याच कॉलेजात, त्याच रसायनशास्त्र विभागात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी. पत्र झालं की ते प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, जरा नजर फिरवा." एकटे असलो की मी 'तू', पोरांसमोर 'मॅडम'.

नजर फिरवून भागायचं नाही. मी ते पत्र चार वेळा वाचायची, लाल पेन आणि पट्टी घेऊन. पहिल्या वेळी फक्त सर्वनामं. मागचं पत्र मुलाचं असलं आणि आताचं मुलीचं, तर इंग्रजी 'ही'ची 'शी' करायची, आणि ते काम दिसतं तेवढं सोपं नाही. पहिल्या परिच्छेदात सर नीट बदलतात, कारण तेव्हा उत्साह असतो. दुसऱ्यात एखादा 'हिज' राहतो. तिसऱ्यात पोरगी पूर्ण मुलगा होऊन जाते. एकदा सरांनी कॉम्प्युटरला एका फटक्यात सगळे 'ही' बदलायला सांगितलं. कॉम्प्युटर आज्ञाधारक. त्यानं 'केमिस्ट्री'च्या पोटातली ती दोन अक्षरंही सोडली नाहीत. त्या पत्रातला प्रत्येक इंग्रजी 'द' असा काही झाला होता की वाचताना जीभ टाळूला चिकटावी. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्यात 'ही' म्हणजे बाई आणि त्यांच्यात 'ही' म्हणजे बाप्या, मग चुकेल नाही तर काय."

दुसऱ्या वेळी नाव. पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. तिकडच्या माणसाला यातलं बापाचं कुठलं आणि पोराचं कुठलं, काय कळणार? अर्जात जसं आहे तसंच पत्रात हवं, सगळीकडं एकसारखं, नाहीतर तिथल्या कारकुनाला वाटतं ही दोन माणसं आहेत. आणि मागच्या विद्यार्थ्याचं आडनाव कुठंतरी दडून बसलेलं असतंच, बहुतेक शेवटच्या परिच्छेदात, 'मिस्टर'सकट. तिसऱ्या वेळी कोर्सची नावं, गुणपत्रिकेशी ताडून. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, सर बदलत नाहीत. त्यांच्या लेखी अजून 'पेपर सातवा' आहे. चौथ्या वेळी तारखा. वरची तारीख मागच्या पत्राची तर नाही ना, 'मी या विद्यार्थ्याला इतकी वर्षं ओळखतो' हा आकडा प्रवेशाच्या वर्षाशी जुळतो का. एका मुलीला सर ती अकरावीत असल्यापासून एम.एस्सी. शिकवत असल्याचं मी वेळेत पकडलं होतं.

एवढं केलं की मी पत्र परत द्यायची आणि माझं काम झालं असं समजायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर असंच एक पत्र आलं. मुलगी जवळच्या करमाड गावची. एम.एस्सी. उन्हाळ्यात झालेली. घरची थोडी शेती, वडील शेंद्र्याच्या एका कारखान्यात पाळीनं जाणारे. शेंद्र्यातल्याच एका औषध कंपनीत क्वालिटीच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती, एक तारखेला रुजू व्हायचं होतं. पण तिनं जर्मनीतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.च्या जागेसाठी अर्ज टाकला होता. दोन शिफारसपत्रं हवी होती. प्रोजेक्टच्या गाईडचं गेलं होतं, सरांचं बाकी होतं. वडिलांनी सांगितलेलं असं, की अर्ज पुरा गेला तर कंपनीला नाही सांग, घरी थांब, उत्तराची वाट बघ. नाही गेला तर एक तारखेला गुपचूप डबा घेऊन गेटवर. कंपनी काही थांबणार नव्हती. म्हणजे पत्र जायचं तर असं जायला हवं होतं की हातची नोकरी सोडल्याचं सार्थक होईल.

अर्जाची शेवटची तारीख सोमवार. सर रविवारी पहाटे पुण्याला लेकीकडं निघणार. पत्र सरांच्या कॉलेजच्या ईमेलवर आलेल्या दुव्यावरून त्यांनीच चढवायचं होतं, आणि एकदा चढवलं की बदलता येत नव्हतं. त्यामुळं शनिवारी सकाळी मी कॉलेजात माझ्या टेबलावर ते पत्र घेऊन बसले. सरांना त्या दिवशी तास नव्हता, ते घरी होते.

चारही वाचनं झाली. सहा 'ही', चार 'हिज', एक 'हिमसेल्फ'. शेवटच्या परिच्छेदात एक मिस्टर. कोर्सचं नाव जुन्या अभ्यासक्रमातलं. 'गेली तीन वर्षं' असं होतं, एम.एस्सी. दोन वर्षांचं. सगळं लाल केलं, कॉम्प्युटरवर सुधारलं, नवीन प्रिंट काढली. तेवढ्यात ती मुलगी आली. हातात भलीमोठी कापडी पिशवी. वडिलांनी सांगितलेलं, "कागद कुठला लागंल सांगता येत नाय, सगळं संगं ने." तिनं पहिलीपासूनचं सगळं संगं आणलं होतं.

खरं तर शिफारसपत्र विद्यार्थ्यानं बघायचं नसतं. अर्जात तसं तिनं लिहूनही दिलं होतं, की मी हे पत्र बघणार नाही. पण नाव बरोबर आहे की नाही हे तिच्याशिवाय कोण सांगणार? मी प्रिंट तिच्यापुढं सरकवली आणि दटावलं, "फक्त नाव आणि कोर्स बघायचे. बाकी वाचायचं नाही."

आता एखाद्या पोरीपुढं तिच्या कौतुकाचं पत्र ठेवायचं आणि वाचू नकोस म्हणायचं, हा माझा मूर्खपणा. तिनं पासपोर्ट काढला, नाव बोट ठेवून जुळवलं. कोर्स जुळवले. मग तिचं बोट तिसऱ्या परिच्छेदावर थांबलं ते हललंच नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "हे मी नाय केलेलं."

"काय?"

"हे कलरीमीटरचं."

तिसऱ्या परिच्छेदात असं होतं की विभागातला एक कलरीमीटर, म्हणजे द्रावणाचा रंग मोजायचं यंत्र, बरेच दिवस बंद पडला होता. या विद्यार्थिनीनं एका रविवारी स्वतःहून येऊन तो उघडला, गंजलेला होल्डर साफ केला, दिवा बदलला आणि यंत्र चालू केलं. यावरून तिची चिकाटी आणि जिज्ञासा दिसते, वगैरे. पत्रातला सगळ्यात जिवंत परिच्छेद तोच. बाकी सगळं 'मेहनती' आणि 'नम्र'.

मी काय म्हणाले ते लिहायला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "अगं, असू दे. सरांनी लिहिलंय ना? तिकडं कोण कलरीमीटर बघायला येतंय?"

"पण विचारलं तर मला येनार नाय, मॅडम. मी त्यो उघडलाबी नाय कधी." बोलता बोलता तिचं करमाड बाहेर आलं. "आन् विचारलं नाय तरीबी."

मला राग आला. तिचा नाही, माझाच, पण त्या वेळी तो तिच्यावर निघाला. "मग काढून टाकू? काढलं तर पत्रात राहतं काय? मेहनती आहे आणि नम्र आहे. अशा पत्रावर नोकरी सोडणार आहेस तू?"

 तिनं बोट उचललं नाही.

माझा राग कशाचा होता ते सांगते. तो परिच्छेद मला तोंडपाठ होता. कलरीमीटर ज्यानं दुरुस्त केला तो मुलगा मला आठवतो. उंच, केस कायम डोळ्यांवर. तो आमचा विभाग सोडून गेला त्याला कितीतरी वर्षं झाली. त्याच्यानंतर तो परिच्छेद पुढच्या पत्रात गेला, तिथून पुढच्या. दर वेळी मी त्यातली सर्वनामं सुधारून दिली. कधी 'ही'ची 'शी', कधी 'शी'चा 'ही'. त्या एका कलरीमीटरला आतापर्यंत डझनभर पोरांनी दुरुस्त केलं होतं, आणि प्रत्येकानं रविवारीच. सर भोळे, त्यांच्या लक्षात येत नव्हतं. माझ्या येत होतं. पण मी मनाला सांगून ठेवलं होतं की आपलं काम सर्वनाम, नाव, कोर्स आणि तारीख. मजकूर सरांचा. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात तसं, दुसऱ्याच्या चुका शोधून शोधून स्वतःची चूक कुठं लपवायची हे मला चांगलं जमायला लागलं होतं.

मी उठले. लॅपटॉप पिशवीत टाकला, ती पोरगी तिच्या पिशवीसकट स्कूटीवर मागं बसवली आणि थेट पुंडलिकनगरला सरांचं घर गाठलं.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, दार उघडलं. आत पुण्याच्या प्रवासाची तयारी चाललेली. दिवाणावर लेकीसाठी चटण्या, पापड, मेतकूट असं पसरलेलं. सर खुर्चीत बसून बॅगेची चेन दुरुस्त करत होते. मला बघून म्हणाले, "काय गं, नजर फिरवून झाली?"

मी पत्र हातात दिलं आणि तिसरा परिच्छेद दाखवला. "सर, हे हिनं केलेलं नाही."

सरांनी चष्मा वर केला, पत्र जवळ घेतलं, वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या मुलीकडं पाहिलं. "तू नाय केलंस?"

"नाय, सर."

"मग मी कसं काय लिहिलं?" हे त्यांनी खरोखरच विचारलं, आव आणून नाही.  थोड्या वेळानं त्यांनाच आठवलं. "अरे, हे तर त्या उंच पोराचं. केसवाल्या." मग माझ्याकडं वळून हळूच, "अजून कुणाच्या पत्रात हाय का हे?"

"बऱ्याच जणांच्या," मी म्हणाले.

सरांनी पत्र मांडीवर ठेवलं. इतका वेळ हातात असलेली चेन बाजूला ठेवली. पंचवीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस इतका ओशाळलेला मी पाहिला नव्हता, आणि मला त्यांची माया आली. ते मला रागावले असते तरी चाललं असतं. "तू का नाही सांगितलं" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

काकू त्या मुलीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. सर हलक्या आवाजात म्हणाले, "ही तिसऱ्या बाकावर बसायची. भिंतीच्या कडंनं. यापलीकडं मला हिचं काहीच आठवत नाही गं. काय लिहू?"

"प्रॅक्टिकलचं काही?"

"साठ जर्नलं तपासतो मी. कुणाचं कुठलं ते कुठं ध्यानात राहतं? जर्नल असतं तर बघितलं असतं."

जर्नल होतं. त्या पिशवीत ते होतंच. 'सरांची सही हाय त्यात, सरांनी शिकवल्याचा पुरावा लागला तर' म्हणून तिनं आणलं होतं. खाकी कव्हर, कोपरे दुमडलेले. सरांनी ते उघडलं आणि मीही खुर्ची सरकवून शेजारी बसले.

आता प्रॅक्टिकलच्या जर्नलची एक गंमत सांगायला हवी. आमच्याकडं एक प्रयोग असतो. एका द्रवाचं आम्लात हळूहळू विघटन होतं, ठरावीक मिनिटांनी थोडा नमुना काढून ब्युरेटनं मोजायचा, आकडे मांडायचे आणि आलेख काढायचा. आलेख सरळ रेषेत यायला हवा. तो येत नाही. कधी पाण्याचं तापमान हलतं, कधी आपला हात. मग पोरं काय करतात? मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल आणतात, त्यातलं उत्तर घेतात आणि उलटं गणित करून आकडे बसवतात. याला 'रीडिंग जुळवणं' म्हणतात. एम.एस्सी.च्या कुठल्याही पोराला विचारा. मीही दोन वर्षं जुळवली. माझी रेषा अशी सरळ यायची की मोजपट्टीनं लाजावं.

या मुलीच्या जर्नलमध्ये त्या प्रयोगाची रेषा निम्म्यापर्यंत सरळ होती आणि मग तिला जणू कुणीतरी धक्का मारला होता. ठिपके खाली घसरलेले. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, पाऊण तासानं लाईट गेली, वॉटर बाथ, म्हणजे गरम पाण्याचं भांडं, गार होत गेला, तापमान एवढ्यावरून एवढ्यावर आलं, म्हणून वेग कमी झाला असावा. तापमानाचे आकडे दर पाच मिनिटांनी घेतलेले. लाईट नसताना, खिडकीशी नेऊन वाचले असंही तिनं लिहिलेलं. पुढच्या पानावर दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा केलेला, आणि तीही रेषा काही धड सरळ नव्हती. त्याखाली लिहिलेलं, या वेळी चूक कुठं झाली ते कळलं नाही.

कडेला सरांच्या अक्षरात लाल शेरा होता. निष्कर्ष समाधानकारक नाही. दहापैकी सहा.

 आतून काकूंचा आवाज येत होता, त्या मुलीला आग्रह चालला होता, "घे गं, एवढ्यानं काय होतंय." सरांनी पान उलटलं, परत मागं आणलं.

"तिला म्हणावं इकडं ये."

ती आली, हातात चिवड्याची वाटी तशीच.

"हे सहाच का दिले, म्हणून विचारायला आली नाहीस तू?"

"नाय, सर. रेषा नव्हती ना आली."

"बाकीच्यांची आली होती."

 कुणाची कशी आली हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. तिघांनीही तो विषय तिथंच सोडला.

सर उठले. टेबलाच्या खणातून कागद काढला, पेन काढलं. कॉम्प्युटर नाही, जुनं पत्र नाही. अर्धा तास लिहीत बसले. मध्ये काकू चहा ठेवून गेल्या, तो गार झाला. मी दिवाणावरच्या पापडांच्या शेजारी बसून होते आणि ती पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, वाटीतला एकेक शेंगदाणा खात. मला तिची काळजी वाटत होती. सर आता भावनेच्या भरात काय लिहून बसतील याचा नेम नव्हता.

आणि तसंच झालं. सरांनी कागद माझ्या हातात दिला. लाईट गेली, पाणी गार झालं, ही अंधारात थर्मामीटर खिडकीशी नेऊन तापमान लिहीत राहिली, हे सगळं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं आणि चूक सापडली नाही तर 'सापडली नाही' असं लिहिलं, हेही होतं. आणि शेवटी असं वाक्य होतं की या प्रयोगाला मी तिला दहापैकी सहा गुण दिले, ज्यांच्या रेषा सरळ होत्या त्यांना नऊ दिले, आणि आज तिचं जर्नल पुन्हा वाचताना मला वाटतं की चूक माझी होती.

"सर, हे शेवटचं काढू," मी म्हणाले.

"का?"

"शिफारसपत्रात कुणी सहा गुण लिहितं का? त्यांना वाटेल पोरगी कच्ची आहे. तिची नोकरी जाईल, हेही जाईल."

"कच्चा कोण होता ते खाली लिहिलंय की." मग त्यांनी तिला विचारलं. "तुझं पत्र हाय. तू सांग. ठेवू का काढू?"

पोरगी वाटी हातात धरून उभी. मला वाटलं, काढा म्हणेल. तिच्या जागी मी असते तर काढा म्हणाले असते, पाय धरून म्हणाले असते.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "हे विचारलं तर मला सांगता येईल."

मग मी माझ्या कामाला लागले. लॅपटॉपवर पत्र नव्यानं टाईप केलं, त्यातला कलरीमीटर काढला आणि तिथं हा परिच्छेद घातला. वाचायला लाल पेन घेतलं. पहिलं वाचन, सर्वनामं. सरांच्या त्या हातानं लिहिलेल्या पानावर एकही चुकलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सगळीकडं 'शी', सगळीकडं 'हर'. समोर ती उभी असताना चुकणार कसं? नाव पासपोर्टप्रमाणं. कोर्सचं नाव मात्र सरांनी पुन्हा जुनंच लिहिलं होतं, पेपर सातवा, ते मी गुणपत्रिकेवरून बदललं. आणि प्रयोगाच्या सत्राची तारीख त्यांनी एक वर्ष आधीची टाकली होती. जर्नलवरच्या त्यांच्याच सहीखालची तारीख दाखवली तेव्हा म्हणाले, "असंल, असंल, मला कुठं तारखा कळायल्यात."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं कॉलेजच्या लेटरहेडवर प्रिंट काढली. सरांनी सही केली, मोबाईलवर स्कॅन केलं. दुवा उघडला, सरांचा पासवर्ड काकूंना पाठ होता. बटण दाबायच्या आधी मी पाचव्यांदा वाचलं. त्या वेळी फक्त एवढंच बघितलं, की यातलं सगळं खरं आहे का.

ती संध्याकाळच्या एसटीनं करमाडला गेली. एक तारखेला ती गेटवर गेली नाही. त्या महिन्यात मी रोज सकाळी पहिला विचार तिचा करायची, आणि रोज वाटायचं, आपण ते वाक्य हट्टानं काढायला हवं होतं.

जानेवारीत तिला मुलाखतीला बोलावलं, कॉम्प्युटरवरच. तिथल्या बाईंनी प्रोजेक्टचं थोडं विचारलं आणि मग म्हणे पाऊण तासातला बराचसा वेळ त्या वॉटर बाथवरच गेला. पाणी किती होतं, थर्मामीटर कुठं धरला, दुसऱ्या दिवशी काय चुकलं असेल असं आता वाटतं. तिला आता एक शंका होती, ती तिनं सांगितली. जागा तिला मिळाली. ती पेढे घेऊन विभागात आली तेव्हा वडीलही पाळी बदलून आले होते. दारातच उभे राहिले आणि सरांना म्हणाले, "लई उपकार झाले." सर म्हणाले, "माझे नाय हो. ती खरं लिहिती."

ते दोघं गेल्यावर आम्ही पेढे खात बसलो. खिडकीखाली कॅन्टीनवाल्याचा रेडिओ चालू होता. सर एकदम म्हणाले, "तुझी रेष लई सरळ असायची."

मी हातातला पेढा खाली ठेवला. "तुम्हाला कळत होतं, सर?"

"न कळायला काय झालं? लाईट त्या वेळीही जायचीच की."

"मग मला नऊ का दिले? आणि माझ्या नोकरीच्या वेळी ते पत्र कसं दिलंत?"

"पत्रात मी खोटं नाय लिहिलं," सर म्हणाले आणि उठून तासाला गेले.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी कपाटातून ती फाईल काढली. या नोकरीसाठी सरांनी मला दिलेलं पत्र. तेव्हा ते कुठल्या जुन्या पत्रावर लिहीत नसत, मी त्यांच्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांतली. त्या पत्रात मी 'अतिशय अचूक काम करणारी' आहे, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आले होते. नवऱ्याला, सासूबाईंना, माझ्या विद्यार्थ्यांनाही. मी ते पत्र पट्टी ठेवून, एकेक ओळ वाचलं. अचूक हा शब्द त्यात कुठंच नव्हता. सरांनी लिहिलं होतं, तिचं काम अतिशय नीटनेटकं असतं.